परदेशात शिकायला जायचंय? टप्पे आणि फी आधी वाचा, मग भेटायला या

व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या देशाचा व्हिसा अधिकारी ठरवतो. ते ना आमच्या हातात आहे, ना कुठल्या एजंटच्या. म्हणून ‘शंभर टक्के व्हिसा’ असा शब्द आम्ही कुणालाच देत नाही. कोर्स निवडण्यापासून फाइल जमा होईपर्यंतचं काम आमचं, आणि त्याची फी अशी:

पहिली भेट, ४५ मिनिटं: मोफत
प्रोफाइल तपासणी आणि खर्चासह विद्यापीठांची यादी: २,००० रुपये
पाच विद्यापीठांपर्यंत अर्ज: १५,००० रुपये
व्हिसा फाइल आणि मुलाखतीची तयारी: १२,००० रुपये
एकूण २९,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,२२०, म्हणजे ३४,२२० रुपये.

पैसे एकदम घेत नाही. ज्या टप्प्याचं काम सुरू होतं, त्याचेच घेतो, आणि पावती देतो. भाषेची परीक्षा, विद्यापीठाची अर्ज फी, व्हिसा फी हे सगळं वेगळं असतं. ते तुम्ही स्वतःच्या कार्डवरून थेट भरायचं. व्हिसा नाकारला गेला तर व्हिसा फी परत मिळत नाही आणि आमची झालेल्या कामाची फीही परत होत नाही. मात्र नकाराचं पत्र तुमच्यासमोर बसून वाचतो, आणि पुन्हा अर्ज करण्यासारखी परिस्थिती असेल तर दुसरी फाइल एकदा विनाशुल्क करून देतो. काही खासगी विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळतं. कुठल्या विद्यापीठाकडून मिळतं, ते यादीत त्या नावासमोरच लिहिलेलं असतं.

कामाला वेळ लागतो, तो धरून चला. जर्मनीच्या हिवाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलै असते. त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या शिक्षणाची कागदपत्रं जर्मन दूतावासाच्या विभागानं तपासल्याचा दाखला, हातात हवा, आणि त्यासाठी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका. म्हणजे जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमारास सुरुवात केली तर धावपळ होत नाही. मे महिन्यात आलात तर आम्ही बहुधा पुढच्या सत्राचाच सल्ला देऊ.

नाव नीट बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या ओळीत जातं. क्रमाचा फरक समजावता येतो. अडतं ते स्पेलिंगवर: दहावीला ‘दीपक’ इंग्रजीत एका ‘आय’ने, पासपोर्टवर दोन ‘ई’ने, आणि बँक खात्यात वडिलांचं नावच नाही. पासपोर्ट अजून काढला नसेल तर थांबा, दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून तसाच अर्ज भरा.

सर्वांत जास्त फाइली लंगड्या पडतात त्या पैशाच्या पुराव्यावर. ब्रिटनसाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. नातेवाइकांकडून आठवडाभरासाठी आणून भरलेले आठ-दहा लाख अधिकाऱ्याला स्टेटमेंटवर लगेच दिसतात, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका येते. तसला सल्ला आम्ही देणार नाही, कुणी दिला तर ऐकू नका.

शेतीवर घर चालत असेल तर बिचकू नका. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यानं रिटर्न बारीक दिसतं, त्याची भरपाई सातबारा, कारखान्याचं उसाचं बिल आणि तेच बिल खात्यात जमा झाल्याची नोंद यांनी करायची. तिन्ही एकमेकांना जुळली पाहिजेत. शैक्षणिक कर्जाला तारण लागणार असेल तर बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्यानं तिच्यावर वसुली करता येत नाही. घर, फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो. हे कर्जाच्या रांगेत उभं राहण्याआधी कळलेलं बरं.

एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचं विद्यार्थ्याचं निवेदन, आम्ही लिहून देत नाही. हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, फी कोण भरणार, हे विद्यार्थ्यानं स्वतः लिहायचं, मराठीत सुचलं तर मराठीत. मग त्याच्यासोबत बसून इंग्रजी करतो. अमेरिकेच्या मुलाखतीत खिडकीपाशी तो एकटाच असतो, आणि दुसऱ्यानं लिहिलेलं वाक्य तिथं आठवत नाही.

भेटीला येताना दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट असेल तर तो, आणि खर्च करणाऱ्याचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणा. झेरॉक्स चालतील, मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. आई-वडिलांपैकी एकाला सोबत आणा, कारण बजेटचा प्रश्न पहिल्याच दहा मिनिटांत येतो.

परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्र, सात रस्ता, सोलापूर. सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. दुपारी २ ते ३ बंद.