वार्तापत्रातील छायाचित्राची ओळ : सुधारित मजकूर

मूळ ओळ : श्रमदानाचा आनंद लुटणारे उत्साही आजोबा आणि त्यांच्याकडून झाडांचे महत्त्व शिकणारी गोड नात.

सुधारित ओळ : वसाहतीच्या उद्यानात रविवारी सकाळी झालेल्या वृक्षारोपणात रोपाला पाणी घालणारी मुलगी, डावीकडे रोप धरून बसलेले ज्येष्ठ रहिवासी.

संपादकांसाठी : दोघांचे नाते छायाचित्रात दिसत नाही आणि ते कोणी विचारूनही घेतलेले नाही, म्हणून 'आजोबा' व 'नात' हे शब्द काढले आहेत; आनंद आणि उत्साह हेही आपणच लावलेले अर्थ आहेत; 'गोड' हा शब्दही तसाच, कारण मुलीचा चेहरा पानांआड झाकलेला आहे. वार व ठिकाण उद्यान समितीच्या नोंदवहीवरून पडताळले आहे. पालकांच्या संमतीशिवाय मुलीचे नाव मुळीच छापू नये, असे माझे ठाम मत आहे.