हँडओव्हर: सिक्युरिटी ॲडमिन, पुणे ऑफिस

प्राजक्ता,

फायरवॉल म्हणजे फोर्टिगेटची जोडी, लॉग वाझूत येतात, बॅकअप वीमवर, हे डॅशबोर्ड बघितलंस की कळेलच. खरी काळजी हजेरीच्या सर्व्हरची आहे. तो अजून विंडोज सर्व्हर 2012 R2 वर चालतो, त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्येच संपलाय, म्हणून वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलाय आणि पेरोलसाठी फक्त 1433 पोर्ट उघडा ठेवलाय, कोणी कितीही घाई केली तरी दुसरा उघडू नकोस प्लीज.

`krbtgt` चा पासवर्ड बदलायचा राहिलाय. तो दोनदा बदलावा लागतो, मध्ये किमान 10 तास जाऊ दे आणि `repadmin /replsummary` स्वच्छ येतंय ना ते बघूनच दुसऱ्यांदा बदल, नाहीतर लोकांचे लॉगिन अडकतील. व्हेंडरच्या व्हीपीएनला एमएफए नाहीये, ते याच आठवड्यात लाव.

पासवर्ड सगळे हॅशिकॉर्प व्हॉल्टमध्ये, `secret/infra/` खाली. अनसील कीचे 5 तुकडे 5 जणांकडे आहेत, त्यातले 3 लागतात, नावं आयटी हेडना विचार. ब्रेक-ग्लास अकाउंटचा पासवर्ड अकाउंट्सच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात आहे, उघडलंस तर रजिस्टरवर सही कर आणि त्याच दिवशी बदल. माझे ॲक्सेस शुक्रवारी संध्याकाळी तूच बंद कर, टोकनसुद्धा.