छोट्या फ्लॅटच्या किचन रेंजची नावं: माझा प्रस्ताव

मंडळी, बॉक्सचं आर्टवर्क गुरुवारी प्रेसला जायचंय म्हणून नावांचं एकदाचं पक्कं करूया, मी सगळं एकाच मेलमध्ये लिहितेय, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा.

रेंजचं नाव: वीत.

दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, आणि ऐकल्या ऐकल्या हात डोळ्यासमोर येतो. छोट्या फ्लॅटमधला माणूस वस्तू घेताना वॅट नंतर बघतो, आधी ओट्याकडे बघतो की हे ठेवू कुठे, आणि त्याच प्रश्नाचं उत्तर नावात आहे. मिनी, स्मार्ट, कॉम्पॅक्ट हे शब्द शेल्फवर इतके झालेत की डोळा थांबतच नाही त्यांच्यावर. शिवाय नुसतं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्कला अडतं, ते वेगळंच.

पण वीत म्हणजे साधारण 9 इंच, आणि हे नाव घेतलं की ते खरं ठरवायची जबाबदारी आपली. गिऱ्हाईक दुकानातच बॉक्सवर हात पसरून बघणार, आणि बघूच दे! म्हणून माझा आग्रह आहे की ज्या वस्तूची ओट्यावरची समोरची रुंदी 9 इंचाच्या आत आहे तिलाच हे नाव. इंडक्शन साडेआठ इंच, लांबी मागे जाते, चालेल. टोस्टर एका लांब खाचेचा आहे, अरुंद बाजू समोर ठेवली की 6 इंच. ओव्हन मात्र 14 इंच आहे, तो रेंजमध्ये घेतला तर बाकीच्या पाचही वस्तूंचा शब्द खोटा पडेल. सेल्सला तो सेटमध्ये हवाय हे मला माहितीय, तरी माझं मत नाहीच, तो आपल्या मुख्य ब्रँडखाली वेगळा विकूया.

आता एकेकाची नावं. केटल वाफ, इंडक्शन धग, हँड ब्लेंडर रवी, टोस्टर खरपूस, मिक्सर भिंगरी. पाचही नावांचं पहिलं अक्षर वेगळं ठेवलंय, म्हणजे गोडाऊनमध्ये घाईत बॉक्स उचलताना किंवा फोनवर तक्रार नोंदवताना घोटाळा होणार नाही.

मिक्सरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी गरगर होतं, म्हणायला मस्त, काना मात्रा काही नाही, डिझाइनलाही आवडलेलं, पण छोट्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात आणि आपण नावातूनच आवाजाची आठवण करून द्यायची हे मला पटेना. भिंगरीत फिरणं आहे, वेग आहे, गोंगाट नाही. टोस्टरसाठी कुरकुर कोणीतरी सुचवलेलं, ते नकोच, पहिल्या बिघाडाला लोक तेच नाव आपल्याला ऐकवतील. चॉपर पुढच्या बॅचला आहे, त्याला फोड नको, भाजल्यावर येतो तोच फोड आठवतो.

बॉक्सबद्दल एक गोष्ट नीट बघा. दुकानात बॉक्स एकावर एक रचतात, समोरचा भाग दिसतच नाही, दिसते ती अरुंद बाजू, त्यामुळे नाव त्या बाजूवर आडवंच हवं, उभं फिरवलेलं नको, आणि पाच-सहा फुटांवरून वाचता यायला हवं. भिंगरीच्या वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, वर जागा सोडली नाही तर कापले जातील. वस्तूच्या अंगावर नाव साच्यातून उठवायचं असेल तर खरपूसच्या ख मधली बारीक जागा बुजते, तिथे छापूनच घ्या. मॉडेल नंबर नावाला चिकटवू नका, तो तळाच्या लेबलवर.

बाजूवरचा मजकूर असा:

वीत वाफ
इलेक्ट्रिक केटल, पाऊण लिटर
ओट्यावर एक वीत जागा पुरे

तिसरी ओळ पाचही बॉक्सवर तीच राहील, दुसरी बदलेल. दुसरी ओळ गाळायचा मोह होईल, जागा वाचते म्हणून, पण गाळू नका, नुसतं रवी वाचून आत काय आहे हे सगळ्यांना कळणार नाही.

लीगलला विनंती, ट्रेडमार्कचा शोध क्लास 7 आणि 11 दोन्हीत घ्या, मिक्सर आणि ब्लेंडर 7 मध्ये येतात, केटल, टोस्टर, इंडक्शन 11 मध्ये, एकाच क्लासमध्ये बघून मोकळं झालो तर अर्धी रेंज उघडी राहील. वीत अडकलं तर माझा दुसरा पर्याय कोनाडा, तीन अक्षरं, आपलेपणा आहे पण मापाचं वचन नाही, म्हणून दुसरा.

मला बुधवारी दुपारपर्यंत दोनच उत्तरं हवीत: वीत चालेल का, आणि ओव्हन बाहेर ठेवायचा का. बाकी नावांवर कोणाला काही खटकत असेल तर मोठ्याने दहादा म्हणून बघा आणि मगच लिहा.