जावईबापूंना: कॅनडाच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्राबद्दल

अमळनेर, जि. जळगाव
६ मार्च २०२६

चि. निखिलराव यांस,
अनेक आशीर्वाद.

यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे धोंड्याला आम्ही तुम्हाला बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि तेहतीस अनारसे ताटात वाढायचे. त्याऐवजी मीच तुमच्याकडे निमंत्रण मागायला बसलोय. स्वातीची आई सकाळपासून हसतेय. पण व्हिसाच्या अर्जाला तुमच्या सहीचं पत्र जोडायचं आहे, आणि त्यात काय काय हवं हे फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जाईल. म्हणून ही मेल.

पत्र इंग्रजीत, तुमच्या आणि स्वातीच्या दोघांच्या नावाने असावं. वर तारीख, मजकूर व्हिसा अधिकाऱ्याला उद्देशून आणि एका पानात बसेल एवढाच. खाली दोघांनी पेनने सह्या करा आणि स्कॅन करून पीडीएफ पाठवा. मोबाईलवर बोटाने केलेली सही नको. नोटरी साधारणपणे लागत नाही, त्यामुळे त्यासाठी सुट्टी काढू नका.

आता आमची माहिती. ती पासपोर्टवर आहे तशीच्या तशी घाला, कारण ऑनलाइन फॉर्मातही मी तशीच भरणार आहे:

RAGHUNATH SUKDEV BORSE, जन्म १ जून १९६२
MANGALA RAGHUNATH BORSE, जन्म १४ नोव्हेंबर १९६६

माझा खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा, हे स्वातीला माहीत आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ठोकून दिला आणि तोच पुढे पासपोर्टपर्यंत आला. तुम्ही माझा वाढदिवस ज्या दिवशी करता ती तारीख पत्रात येता कामा नये. आईचं नाव आधारवर 'मंगलाबाई' आहे, पासपोर्टवर 'मंगला'. पत्रात 'बाई' लावू नका. आडनावाचंही तसंच. सातबाऱ्यावर आम्ही 'पाटील', पासपोर्टवर 'बोरसे'. ते मी इथून प्रतिज्ञापत्र करून सांभाळतो, तुम्ही फक्त 'बोरसे' लिहा. आमचा अमळनेरचा पूर्ण पत्ता आणि माझा मोबाईल नंबर हेही हवं; दोन्ही या मेलसोबतच्या पासपोर्टच्या प्रतींच्या पानावर टाइप केलंय, तिथून उतरवून घ्या.

नातं लिहिताना 'माय फॅमिली' असं मोघम नको. स्वाती आमची मुलगी, तुम्ही जावई, ईशान नातू, एवढं स्पष्ट. स्वातीच्या पीआर कार्डावर अजून माहेरचं नाव आहे, ते कामालाच येईल. तिच्या जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत मी लावतो.

येण्याचं कारण: स्वातीचं दुसरं बाळंतपण, ऑगस्टच्या मध्यावर. डॉक्टरांकडून अपेक्षित तारखेचं पत्र घेऊन जोडा. मात्र 'मुलांना सांभाळायला येत आहेत' असं लिहू नका. तुम्ही बिनपगारी आया बोलावताय असं वाचणाऱ्याला वाटायला नको. बाळंतपणात मुलीसोबत राहणं आणि नातवंडांना भेटणं हेच खरं कारण आहे, तेच लिहा.

तारखा मी पक्क्या केल्यात. १८ जुलैला तिथे पोहोचणार, ८ ऑक्टोबरला तिथून निघणार. रात्री मोजल्या तर ८२. पत्रात 'साधारण तीन महिने' नको, या दोन तारखाच हव्यात. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा अर्ज मागच्या वर्षी नाकारला गेला. त्यांच्या पुतण्याने दोन ओळींचं पत्र दिलं होतं: काका येत आहेत, कृपया व्हिसा द्यावा. फॉर्मात सहा महिने, पत्रात 'काही आठवडे'. खर्च कोण करणार याचा पत्ताच नाही. नकाराच्या पत्रात R179(b) या कलमाचा उल्लेख होता, म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटली नाही. बिचारे तो कागद घेऊन माझ्याकडे वाचायला आले, म्हणून हे मला माहीत. नकार फक्त त्या पत्रामुळे आला असं मी म्हणणार नाही, पण पत्राने त्यांची बाजू सावरली नाही हे नक्की.

म्हणून परतीबद्दल दोन ओळी जरूर घाला. ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, घरचे घट आम्हालाच बसवायचे असतात. त्यानंतर लगेच रब्बीची तयारी. शेत, पेन्शन आणि बँकेतल्या ठेवी यांचे कागद मी जोडतोय. सातबारा मराठीत असल्याने त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्रही करून घेतोय. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने मोठी आहे: विहीणबाई २०२४ साली तुमच्याकडे येऊन मुदतीच्या आत परत आल्या होत्या. ही ओळ विसरू नका. माझ्या मते साऱ्या पत्रात सगळ्यात वजनदार ओळ तीच.

आता अवघड भाग. पत्रात तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता युनिट नंबर आणि पोस्टल कोडसह, फोन नंबर, कुठल्या पदावर काम करता, आणि तुम्ही पर्मनंट रेसिडेंट आहात हे लागतं. पीआर कार्डाची प्रत जोडायची, तुमची आणि स्वातीची. घरात कोण कोण राहतं, तेही लागतं: नावं, जन्मतारखा आणि एकूण किती माणसं. आज तुम्ही तिघं. बाळाचा उल्लेख करा, पण आकडा तीनच लिहा, कारण कागदावर अजून तीनच आहेत. तळघरात राहणारे भाडेकरू मुलगे तुमच्या कुटुंबात धरू नका.

आणि उत्पन्न. तुम्ही आमच्या राहण्या-जेवण्याचा खर्च करणार म्हटल्यावर तो तुम्हाला झेपतो हे दाखवायला हवं. मी हे मांडलं तर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "जवाईले पगार इचारतस का कोनी?" खरं आहे, लग्नाच्या वेळीसुद्धा आम्ही तुम्हाला विचारला नव्हता. आताही मला तो आकडा माहीत असण्याची गरज नाही. कंपनीचं नोकरीचं पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि तुमच्या आयकर खात्याची मागच्या वर्षाची नोटिस ऑफ असेसमेंट, एवढं पुरे. संकोच वाटत असेल तर हे कागद स्वातीकडे द्या. ती अर्जाच्या खात्यात स्वतः टाकेल, पासवर्ड तिच्याकडे आहेच. माझ्या मेलवर पाठवायची गरज नाही. मी तर ते उघडणारही नाही.

खर्चाची वाटणी पत्रात नेमकी लिहा. विमानाची तिकिटं आणि आमचा आरोग्यविमा आम्ही घेणार. राहणं, जेवण आणि तिथली ये-जा तुमच्याकडे. 'सर्व खर्च मी करीन' असं प्रेमापोटी लिहून टाकाल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. पण माझ्या पत्रात मी तिकिटं माझी म्हणणार आणि तुमच्यात सर्व खर्च तुमचा, तर वाचणारा कोणावर विश्वास ठेवणार? शिवाय खरं सांगायचं तर पेन्शनीच्या पैशातून पहिल्यांदा विमानात बसायचंय, तेवढी हौस राहू द्या. अर्जाची फी दोघांची २०० डॉलर आणि बोटांच्या ठशांचे दोघांचे मिळून १७० डॉलर, असे ३७० होतात. तेही माझ्याच कार्डाने.

इथल्या एका एजंटाने सुपर व्हिसा काढा म्हणून बराच धोशा लावला. त्याला वर्षभराचा, किमान १ लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो, वैद्यकीय तपासणी लागते आणि तुमच्या उत्पन्नाची किमान मर्यादाही पाहतात. तिथे वर्षानुवर्षं राहायचं असतं तर गोष्ट वेगळी. ८२ रात्रींसाठी साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो.

हे पत्र दिलं म्हणजे आमची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येते असं नाही. आणि पत्र दिलं म्हणजे व्हिसा मिळतोच असंही नाही. मात्र त्यातलं एकही वाक्य खोटं नको. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं दार बंद होतं. म्हणून पुन्हा सांगतो, कुठलाही आकडा फुगवू नका आणि नंतर पाळता येणार नाही असं वचन लिहू नका.

स्वातीला सांगा, कुटुंबाच्या माहितीचा IMM 5645 फॉर्म मी भरून ठेवलाय. तिच्या आणि ईशानच्या जन्मतारखा, तुमचा पत्ता आणि ती सध्या रजेवर आहे की कामावर, हे पत्राशी ताडून पाहायचंय. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, ही चूक माझ्या हातून सुटायची नाही. पण मूळ पत्र हातात आल्याशिवाय ताडणार कशाशी? म्हणून १९ मार्चला पाडवा आहे, त्याच्या आत कच्चा मसुदा पाठवा. मी पाहून लगेच कळवतो, मग सह्या करा. महिनाअखेर अर्ज गेला की बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जाऊ. धाकटा सोबत येणार आहे.

यंदा श्रावणात कानबाई आमच्याकडे नसेल, तेवढं एक मनाला लागतं. भावाच्या घरी बसवायला सांगितलंय, रोट तिथेच होतील.

तुमच्या प्रकृतीची काळजी घ्या. स्वातीला जास्त वेळ उभं राहू देऊ नका. ईशानला आजोबांचे खूप खूप लाड.

तुमचा,
आप्पा

ता.क. पीआर कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. पाठीमागची बाजू सगळेच विसरतात. आणि बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातलीय, तिकडे किती आणायच्या ते सासूबाईंना वेगळं कळवा, त्या मला हिशेब सांगत नाहीत.