सोलापूरची हातमागावरील सुती साडी : ८० काउंट, रुईफुली काठ, ब्लाउजपीससह

ही साडी सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरच्या खड्डामागावर हाताने विणलेली आहे. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे शंभर टक्के सुती असून साडीत जर, पॉलिस्टर किंवा कृत्रिम रेशीम कोठेही वापरलेले नाही. साडीची लांबी ५.५ मीटर आहे आणि तिला जोडूनच ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस विणलेला आहे. रुंदी ४६ इंच असून ब्लाउजपीस धरून वजन सुमारे ४०० ग्रॅम भरते. किंमत २,४५० रुपये असून त्यात कर आणि भारतात कोठेही घरपोच पाठवण्याचा खर्च समाविष्ट आहे. हीच साडी नऊवारीतही मिळते. तिची लांबी ८.२ मीटर आणि किंमत ३,३०० रुपये आहे, मात्र तिच्यासोबत ब्लाउजपीस येत नाही.

सोलापूरचे नाव घेतले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चादर आणि टॉवेल येतात, आणि ते बरोबरच आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु ते मानांकन चादरीचे आहे, साडीचे नाही, त्यामुळे या साडीच्या विक्रीसाठी आम्ही त्याचा आधार घेत नाही. शहरातील बहुतेक माल आज यंत्रमागावर निघतो, म्हणून ‘सोलापुरी’ एवढ्या शब्दावरून कापड हातमागाचे आहे असे कोणी समजू नये. ही साडी हातमागाची आहे हे आम्ही त्यामुळेच पहिल्या ओळीत सांगितले. काठ पाहून काही जण तिला इरकल म्हणतात, तेही खरे नाही. इरकल कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची, आणि तिच्यात अंगाच्या ताण्याला पदराचा वेगळा ताणा फासे घालून जोडतात. आमच्या साडीत अंग, पदर आणि ब्लाउजपीस एकाच अखंड ताण्यावर विणले जातात.

८० काउंट म्हणजे काय, हे अनेक जणी विचारतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा काउंट, म्हणून आकडा मोठा तितके सूत बारीक. ८० काउंटच्या एक पौंड सुताची लांबी सुमारे ६१ किलोमीटर होते. याहून बारीक सुताची साडी अधिक तलम होते, परंतु रोज कार्यालयात, शाळेत किंवा बँकेत नेसायची साडी आतून दिसू नये, खांद्यावरून घसरू नये आणि बसल्या-उठल्याने फाटू नये, यासाठी आम्हाला ८० हा काउंट योग्य वाटतो. काठासाठी मात्र दुपदरी मर्सराइज्ड सूत घेतलेले आहे. त्यामुळे काठाला हलकी चमक येते आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला वजन मिळून साडी पायाशी नीट बसते.

विणकामाची माहिती किंमत समजण्यासाठी आवश्यक आहे, म्हणून ती जरा विस्ताराने देत आहोत. रंगवलेल्या लडी सोडवून ताणा तयार केला जातो आणि त्याला तांदळाची खळ दिली जाते. खळ कमी पडली तर धागा फणीत घासून तुटतो आणि जास्त झाली तर कापड कागदासारखे कडक होते, त्यामुळे हे काम आमच्या घरात अजूनही सर्वांत अनुभवी हाताकडेच आहे. त्यानंतर साडेतीन हजारांच्या आसपास उभे धागे जुन्या ताण्याच्या टोकांना एकेक करून सांधले जातात. ही सांधणी म्हणजे बोटांच्या चिमटीत दोन टोके धरून, चिमूटभर राख लावून पीळ देण्याचे काम असते, आणि त्यात एक पूर्ण दिवस जातो. अशा एका ताण्यावर आठ साड्या निघतात. विणताना आडवा धागा इंचाला साधारण ६८ वेळा पडतो, म्हणजे ब्लाउजपीस धरून एका साडीसाठी धोटा जवळपास १७ हजार वेळा इकडून तिकडे जातो. काठावरचे रुईफूल मागावर बसवलेल्या, नक्षीपुरते उभे धागे उचलणाऱ्या डॉबी या साधनाने उठते, आणि पदरावरचे आडवे पट्टे रंगाची कांडी दर वेळी हाताने बदलून घातलेले असतात. एक साडी उतरायला दोन ते तीन दिवस लागतात.

मे महिन्यात हा हिशेब बिघडतो. सोलापूरची दुपारची हवा इतकी कोरडी असते की ताण्याचे धागे पटापट तुटू लागतात. खड्ड्यातला माग जमिनीच्या ओलाव्याजवळ असतो, त्याने काही प्रमाणात निभावते, आणि आम्ही फरशीवर पाणी शिंपडून ओले पोतेही पसरतो. तरीही उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते अकरा एवढीच विणाई होते. घरात मागाला आम्ही तेलुगूत ‘मग्गम’ म्हणतो, आणि उन्हाळ्यात मग्गम रुसते, असे आमची आजी म्हणत असे.

हातमागाची साडी ओळखावी कशी, याला एकच एक हुकमी खूण नाही. कडेची बारीक छिद्रे दाखवून विकणारे पुष्कळ आहेत, परंतु कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या साधनाच्या खुणा यंत्रमागाच्या कापडावरही सापडतात. साडी उजेडासमोर धरून पाहिल्यास विणीची घनता सर्वत्र तंतोतंत सारखी दिसत नाही. विणणाऱ्याने जेवणानंतर पुन्हा काम सुरू केले तेथे ठोक किंचित वेगळा पडलेला असतो. तुटलेला धागा जोडल्याची गाठ अंगावर कोठेकोठे बोटाला लागते. एका साडीत अशा चार-सहा गाठी असणे आम्ही दोष मानत नाही, आणि साडी मागवण्यापूर्वी आपणही ही गोष्ट मनाशी ठरवावी, अशी विनंती आहे. केंद्र सरकारने २००६ मध्ये सुरू केलेल्या हँडलूम मार्कची चिठ्ठी प्रत्येक साडीला शिवलेली असते.

रंग पाच आहेत. चंद्रकळा पूर्ण काळी असून तिला कुंकवी काठ आहे. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, ती सर्वांत आधी संपते, म्हणून जानेवारीत हवी असल्यास डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवावी. हळदी रंगाला हिरवा काठ आहे आणि डाळिंबी रंगाला काळा. उरलेले दोन रंग धूपछाव आहेत : चिंतामणीत निळ्या ताण्यावर हिरवा बाणा आहे, तर अंजिरीत जांभळ्या ताण्यावर लाल. हे दोन रंग चालताना, निऱ्या हलताना बदलतात, आणि छायाचित्रात नेमके हेच पकडता येत नाही. मागच्या वर्षी आम्ही चिंतामणीची छायाचित्रे खोलीतल्या दिव्याखाली काढली, साडी निव्वळ निळी दिसली आणि पाच साड्या परत आल्या. चूक आमचीच होती. आता सर्व छायाचित्रे सकाळी आठच्या सुमारास गच्चीवर, कोणतीही रंगदुरुस्ती न करता काढलेली आहेत, आणि धूपछाव रंगांची प्रत्येकी एक छोटी चित्रफीतही सोबत दिलेली आहे. तरीही नव्या ताण्याच्या वेळी छटेत थोडा फरक पडतो. बहिणींसाठी किंवा जावांसाठी एकसारख्या साड्या हव्या असल्यास त्या एकाच वेळी मागवाव्यात, म्हणजे आम्ही त्या एकाच ताण्यावरच्या पाठवू. आठपेक्षा अधिक हव्या असल्यास त्यांसाठी सूत एकत्र रंगवावे लागते आणि ३० दिवस लागतात.

नवी साडी खळीमुळे कडक लागेल आणि निऱ्या थोड्या फुगतील. पहिल्या दोन-तीन धुण्यांत खळ निघून जाते आणि साडी अंगासरशी बसू लागते. पहिल्या दोन वेळा ती स्वतंत्र, गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. डाळिंबी आणि चंद्रकळेचा सुटा राहिलेला रंग या दोन धुण्यांत पाण्यात उतरतो, नंतर नाही. भिजत घालून ठेवू नये आणि वाळत घालताना सावलीत, उलट बाजू वर करून घालावी. धुतल्यावर कापड लांबीत दोन ते तीन टक्के आटते. वर दिलेली लांबी न धुतलेल्या साडीची आहे, म्हणून ब्लाउजपीस शिवायला देण्यापूर्वी आणि साडीला फॉल लावण्यापूर्वी दोन्ही एकदा पाण्यातून काढावेत. फॉलही आधी भिजवावा, नाहीतर पुढे काठ चुण्या घेतो. कडक इस्त्री आवडत असेल त्यांनी घरीच तांदळाची पातळ खळ द्यावी. मात्र पावसाळ्यात खळ दिलेली साडी कपाटात ठेवू नये, तिला कसर लागते.

साडी तयार असल्यास मागणीनंतर दोन कामाच्या दिवसांत रवाना होते, आणि तयार नसल्यास पृष्ठावर तसे लिहिलेले असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असल्याने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आमचे माग व पाठवणी दोन्ही बंद राहतात. राखीपौर्णिमेची भेट म्हणून साडी द्यायची असल्यास निदान दहा दिवस आधी मागणी नोंदवावी.

भोक, फाट, तेलाचा डाग, चुकीचा रंग किंवा सांगितल्यापेक्षा कमी लांबी आढळल्यास साडी मिळाल्यापासून सात दिवसांत परत घेतली जाईल, आणि परतीचा खर्च आम्ही देऊ. निव्वळ पसंत न पडल्यासही परत घेतो, मात्र त्या वेळी टपालखर्च आपला राहील आणि साडी न धुतलेली, फॉल न लावलेली असावी. वर सांगितलेल्या गाठी आणि ठोकातील फरक यांसाठी दोष म्हणून परतावा मिळणार नाही.

प्रत्येक साडीच्या घडीत, ब्लाउजपीसच्या बाजूला, त्याच ताण्याच्या आणि बाण्याच्या धाग्यांची एक लहानशी लड ठेवलेली असते. पुढे कधी साडी खिळ्याला अडकून उसवली, तर रफूसाठी त्याच रंगाचा धागा बाजारात मिळत नाही. ही लड जपून ठेवावी, आणि हरवल्यास साडीच्या चिठ्ठीवरील ताण्याचा क्रमांक आम्हाला कळवावा. त्या ताण्याचे सूत शिल्लक असेपर्यंत नवी लड पाठवू, तिचे पैसे घेत नाही.