विषय : एम्बेडेड सिस्टिम्स इंटर्नशिपसाठी अर्ज

दि. १० एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
संशोधन व विकास विभाग,
एमआयडीसी शिरोली, कोल्हापूर

महोदय,

मी शासकीय तंत्रनिकेतन, कोल्हापूर येथे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, सहाव्या सत्रात आहे. आपल्याकडे शेतीपंपाच्या कंट्रोलरवर काम करण्यासाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप असल्याचे आमच्या प्लेसमेंट विभागाकडून कळले. त्यासाठी हा अर्ज करत आहे.

बायोडेटात 'लाइन फॉलोअर रोबोट' अशी एकच ओळ आहे. हा प्रोजेक्ट बहुतेक कॉलेजांत होतो, म्हणून माझ्या हातून त्यात नेमके काय झाले ते इथे लिहिते.

एटीमेगा ३२८पी, खाली पाच इन्फ्रारेड सेन्सर, दोन गिअर मोटर आणि एल२९८एन ड्रायव्हर असा रोबोट होता. पीडी कंट्रोलचे गुणांक मी लॅपटॉप जोडून, सेन्सरचे आकडे सिरियल मॉनिटरवर बघत बसवले. पट्टीवर तो व्यवस्थित चालू लागला. मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, आता गरज नाही म्हणून, `Serial.print` च्या ओळी काढल्या आणि तोच रोबोट सरळ पट्टीवरही डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला. वळणावर तर बाहेरच जायचा. दोन दिवस मी चाके, बॅटरी आणि सेन्सरची उंची तपासत राहिले. सगळे ठीक होते.

शेवटी लूपच्या प्रत्येक फेरीला एक पिन उलटी करून ती ऑसिलोस्कोपवर पाहिली. प्रिंट असताना एका फेरीला सुमारे ३० मिलिसेकंद लागत होते, प्रिंट काढल्यावर एकापेक्षाही कमी. ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि ६४ बाइटचा बफर भरला की प्रोग्राम तिथेच थांबतो. मी मागच्या आणि आताच्या एररमधला फरक वेळेने न भागता तसाच वापरला होता. फेरी वेगवान झाल्यावर तो फरक अगदी लहान झाला आणि हेलकावे आवरणारा डी जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे माझे गुणांक रोबोटचे नव्हते, त्या प्रिंटच्या ओळींचे होते. हे समजले तो क्षण मला तीन वर्षांतल्या कुठल्याही मार्कांपेक्षा मोठा वाटतो.

मग वेळ प्रोग्रामच्या हाती न ठेवता टायमरकडे दिली. १६ मेगाहर्ट्झवर दर ५ मिलिसेकंदांनी :

```c
TCCR1A = 0;
TCCR1B = (1 << WGM12) | (1 << CS11) | (1 << CS10);
OCR1A  = 1249;
TIMSK1 = (1 << OCIE1A);
```

इंटरप्टमध्ये फक्त एक `volatile` फ्लॅग लावते, सेन्सर वाचणे आणि हिशेब मुख्य लूपमध्ये होतो. गुणांक पुन्हा पहिल्यापासून बसवले. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, पण तीनही फेऱ्या रोबोटने पट्टी न सोडता पूर्ण केल्या.

आपल्याकडेच अर्ज करण्याचे कारण घरचे आहे. आमची शिरोळ तालुक्यात उसाची शेती आहे. शेतीची वीज रात्रपाळीची असली की वडील बॅटरी घेऊन नदीकाठच्या मोटरीवर जातात. एक फेज गेली असताना मोटर चालू राहिली तर वाइंडिंग जळते. आमच्याकडे दोनदा जळली आहे, दुसऱ्यांदा ऐन उन्हाळ्यात. फेज गेल्याचे ओळखून मोटर वेळेत बंद करणारा कंट्रोलर आतून कसा निर्णय घेतो, क्षणभराचा झटका आणि खरोखर गेलेली फेज यांत तो फरक कसा करतो, हे मला बोर्डावर बसून शिकायचे आहे.

सी मध्ये रजिस्टरपर्यंत उतरून लिहिता येते. यूएआरटी आणि आयटूसी वापरले आहे, सोल्डरिंग स्वच्छ आहे, किकॅडमध्ये दोन थरांचा एक बोर्ड काढून करवून घेतला आहे. एसटीएम३२ वर आतापर्यंत फक्त एलईडी आणि टायमरचे प्रयोग केले आहेत. आरटीओएस आणि २३० व्होल्टच्या बाजूचे काम मी केलेले नाही, तिथे मला सुरुवातीपासून शिकावे लागेल. टेस्टिंग, फॉल्टी बोर्ड शोधणे, वायरिंग, कुठलेही काम पहिल्या दिवसापासून करायची तयारी आहे.

परीक्षा मे महिन्यात संपते. १६ जूनपासून पूर्ण सहा महिने, सोमवार ते शनिवार येऊ शकेन. राहण्याची सोय कोल्हापुरात मावशीकडे आहे. मुलाखतीला बोलावल्यास रोबोट सोबत आणेन. प्रिंट असलेला आणि टायमरचा असे दोन्ही प्रोग्राम समोर चालवून दाखवता येतील.

बायोडेटा व पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिका सोबत जोडल्या आहेत. संपर्क क्रमांक बायोडेटात आहे.

आपली विश्वासू,
अमृता पाटील