सर, वाचनालयाच्या कार्यकारिणीबद्दल, जरा मोठा मेसेज आहे

सर नमस्कार,

रविवारी तुम्ही घरी आलात, सासूबाईंना भेटलात, चहा घेतलात आणि जाता जाता चप्पल घालताना एकदम म्हणालात की खजिनदार म्हणून तुझं नाव घालतोय, तेव्हा मला काही सुचलंच नाही. मी नुसती हसले आणि तुम्ही बहुतेक ते हो धरलंत. चूक माझीच, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दारात उभं राहून तुम्हाला नाही म्हणायचं म्हणजे शाळेत गृहपाठ केला नाही हे सांगण्यासारखंच झालं ना.

तर सर, मला या वेळी कार्यकारिणीत येणं जमणार नाही. चार दिवस विचार करून लिहितेय, भीड म्हणून गोल गोल बोलत नाही.

कारण काय ते नीट सांगते म्हणजे "हिला काही इंटरेस्ट नाही" असं वाटायला नको. आमच्या ऑफिसमध्ये सध्या माझ्याकडे 47 जीएसटीचे क्लायंट आहेत. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएसचं चलन, 11 ला एक रिटर्न, 20 ला दुसरं, आणि त्यातले निम्मे लोक बिलं 19 ला रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवतात, तेही तिरके. त्यात एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेलीय, आर्टिकलशिपची दोन पोरं होती त्यातल्या एकाची परीक्षा. सकाळी पावणेनऊच्या एसटीने कोरेगावहून साताऱ्याला जाते आणि जुलै ते ऑक्टोबर घरी यायला साडेआठ नऊ ठरलेले. चिरंजीव यंदा दहावीला आहेत, तो अभ्यास करतोय की नाही हे मला त्याच्या आजीकडून कळतं.

आता मुख्य अडचण. वाचनालयाच्या खजिनदाराचं खरं काम कधी येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. 31 मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत ट्रस्टचं ऑडिट व्हायला लागतं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. आणि माझ्या क्लायंट लोकांची टॅक्स ऑडिटं पण 30 सप्टेंबरलाच. म्हणजे ज्या महिन्यात वाचनालयाला खजिनदार लागतो नेमकी त्याच महिन्यात मी गायब असणार! बाकी आठ महिने मी मीटिंगला येऊन भडंग खाऊन जाईन, त्याला काय अर्थ आहे. अनुदानाचा हिशोब, पगारावर किती गेले, पुस्तकांवर किती, व्हाउचरला सही आहे का, हे बसून बघायचं काम आहे, एसटीत उभं राहून मोबाईलवर होत नाही.

अजून एक, हे मी कुणाला सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी अशीच भिडेखातर कमिटीत गेले होते. पहिल्या दोन मीटिंगा झाल्या, मग ऑफिसचा सीझन आला, आणि पुढे शिपाई प्रोसीडिंग बुक घेऊन घरी यायचा आणि मी कुकरची शिट्टी मोजत मोजत न वाचता सही करायची. एकदा कळलं की ज्या ठरावाला मी अनुमोदन दिलंय असं लिहिलंय त्या दिवशी मी पुण्याला लग्नात होते. काही गैर झालं नव्हतं हो, पण त्या रात्री झोप लागली नाही. हिशोबाच्या धंद्यातली बाई आणि न वाचता सही. आपल्या वाचनालयात मला ते करायचं नाहीये. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट गेला की ते नाव नुसतं बोर्डावर नसतं, जबाबदारी असते, आणि मग मधेच सोडलं की परत नवा चेंज रिपोर्ट, परत 90 दिवसांची धावपळ, ती पण तुमच्याच गळ्यात.

आणि इंटरेस्टचं म्हणाल तर सर, पाचवीत असताना बाबांनी माझी अनामत भरली होती आणि मी दुपारी त्या तिरप्या पेपर स्टँडच्या खाली फतकल मारून बसायचे, कारण खुर्च्या मोठ्यांसाठी होत्या. मागच्या महिन्यात पोराला घेऊन आले होते तेव्हा बालविभागात एक पुस्तक हाताला लागलं, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. जांभळ्या शिक्क्यात जून 1996, आणि त्या समोर पेन्सिलने माझा सभासद नंबर. त्या नंतर फक्त चार शिक्के. मला आनंद व्हावा का वाईट वाटावं तेच कळेना. पोरगा म्हणाला, आई चल ना, भूक लागलीय.

म्हणून नुसतं नाही म्हणून मोकळी होत नाही. मला जे नक्की जमेल तेवढंच सांगते, वाढवून सांगत नाही. दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये दोन रविवार मी पूर्ण देते, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. आपल्या क्लार्क ताईंना बसवून रोजकीर्द, व्हाउचरची फाईल, बँकेचा ताळमेळ सगळं कॉम्प्युटरवर कसं ठेवायचं ते लावून देते, म्हणजे पुढच्या ऑडिटला जो कोणी खजिनदार असेल त्याला खोकी उपसायला लागणार नाहीत. दुसरं, या वर्षीच्या दिवाळी अंकांपैकी 10 अंक माझ्याकडून. आणि मे महिन्यात मुलांसाठी काही ठेवणार असाल तर एक आठवडा संध्याकाळचा माझा धरा, तेव्हा ऑफिसला जरा श्वास असतो. क्लार्क ताईंना मधे काही अडलं तर फोन करू देत, फक्त 20 तारखेच्या आसपास नको म्हणावं, तेव्हा मी घरच्यांचा पण उचलत नाही.

खजिनदारासाठी एक नाव सुचवू का? रोज सकाळी नऊला येतात, खिडकीजवळ बसून पेनानेच शब्दकोडं सोडवतात ते काका. सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेत. मागे माझ्या दंडाच्या पावतीत दोन रुपये जास्त लागले होते ते त्यांनी लांबूनच बघितलं आणि काउंटरवर येऊन सांगितलं. अजून काय पाहिजे! त्यांना कुणी विचारलंच नसेल बहुतेक. तुम्ही विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं, पण चप्पल घालताना विचारू नका, बसून विचारा 😄

आणि माझ्यासाठी जागा रिकामी ठेवू नका प्लीज. "पुढच्या वर्षी बघू" असं मी म्हणणार नाही कारण पुढचं वर्ष पण असंच दिसतंय. पोराची दहावी होऊ दे, ऑफिसमध्ये माणसं वाढू देत, मग मला खरंच वेळ असेल तर मी स्वतः येऊन तुम्हाला सांगेन, तुम्हाला परत घरी यायला लागणार नाही. चहाला मात्र या.

तुम्ही माझं नाव घेतलंत याचं फार बरं वाटलं सर. सासूबाईंनी तर शेजारी सांगून पण टाकलंय, आता त्यांना मी काय ते समजावते.

मीटिंग शनिवारी आहे ना, त्यात माझं नाव वाचू नका एवढं बघा. आणि पोराच्या नावावरची दोन पुस्तकं पंधरा दिवस उलटून गेलीत, शनिवारी तो घेऊन येईल, दंड घ्यायला सांगा, सूट देऊ नका.